पाच फूट तीनच्या खाली हवाई सुंदरी होता येत नाही?

"मुलगी पाच फूट एक इंच आहे. सोलापुरातले क्लासवाले म्हणतात, पाच-तीनच्या खाली सरकारच घेत नाही. खरं का?"

नाही हो. उंचीचा आकडा विमान कंपनी ठरवते. भारतातल्या काही कंपन्या मुलींसाठी १५५ सेंटिमीटर मागतात, एमिरेट्स १६०.

खरी गोम आहे हात कुठवर पोचतो यात. एमिरेट्सला चवड्यांवर उभं राहून २१२ सेंटिमीटर गाठता यायला हवं, कारण संकटकाळातलं काही सामान डोक्यावरच्या कप्प्यात असतं. म्हणून ही अट मला रास्त वाटते.

घरी बघा: भिंतीवर सहा फूट साडेअकरा इंचांवर खडूची रेघ मारा. मुलीला अनवाणी, चवड्यांवर उभं करून बोटं टेकवायला सांगा. टाच उचलायची, उडी नाही. त्याच भिंतीशी उंचीही सेंटिमीटरमध्ये घ्या. पाच-एक म्हणजे १५४.९, म्हणजे १५५च्या अटीत केसभर कमी! इंचांत गोळाबेरीज करून फॉर्म भरला, तर मुलाखतीच्या मोजपट्टीवर उघडं पडतं.

हॉटेलच्या रिसेप्शनवर मात्र असा कुठलाच कप्पा नसतो. तिथली उंचीची अट निव्वळ दिखाऊपणा. आणि क्लासची फी? आधी रेघ, मग फी.