रोज दूध पिणाऱ्या मावशीला बी-१२ कमी का पडलं?

"पायले मुंग्या येतस रे भाऊ," धुळ्याची मावशी वर्षभर सांगत होती आणि घरचे "वात असेल" म्हणून तिळाचं तेल चोळत होते. शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, बी-१२ मात्र १४०; रिपोर्टवर २०० च्या खाली कमी. मावशीचा प्रश्न रास्त होता: मी शाकाहारी खरी, पण दोन पेले दूध रोज पिते, मग कमी कसं?

दोन पेले दुधात साधारण २ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, जवळपास दिवसाच्या गरजेइतकं. गोची त्यापुढे आहे. हा रेणू अवजड. एकटा आतड्याची भिंत जवळजवळ ओलांडत नाही. अन्नात तो प्रथिनाला चिकटलेला असतो. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याला सोडवतात. सुटला की लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला धरतं. पुढे स्वादुपिंडाचा रस ते प्रथिन पचवून टाकतो, आणि मगच बी-१२ इंट्रिन्सिक फॅक्टर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या हाती पडतं.

हा फॅक्टर बनवतात जठरातल्या आम्ल बनवणाऱ्याच पेशी. स्वतः न पचता तो बी-१२ ला घेऊन लहान आतड्याच्या पार शेवटच्या भागात जातो. तिथल्या पेशींवर क्युबिलिन नावाचं प्रथिन त्याच्यासाठीच थांबलेलं असतं. ते त्याला पकडतं, पण कॅल्शियम असेल तरच. मग पेशी दोघांनाही गिळते, फॅक्टरला आत मोडते आणि बी-१२ रक्ताकडे सोपवते. मात्र जागा मोजक्या: एका जेवणातून जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम.

फॅक्टर चोखंदळही आहे. व्हॉट्सॲपवर बी-१२ ची खाण म्हणून फिरणाऱ्या स्पिरुलिनात बहुतांशी नकली बी-१२ असतं. ते तो नीट धरतच नाही.

मावशीचं वय ६७. या वयात अनेकांच्या जठराचं अस्तर झिजतं, आम्ल घटतं. त्यात चार वर्षं सकाळी उपाशीपोटी 'गॅसची' पॅन्टोप्राझोल. ही गोळी आम्ल दाबते. तिने फॅक्टर फारसा कमी होत नाही, पण आम्लाशिवाय बी-१२ अन्नातून सुटतच नाही. मधुमेहासाठीची बारा वर्षांची मेटफॉर्मिन बहुधा दुसऱ्या टोकाला अडवते: कॅल्शियमवर चालणाऱ्या त्या पकडीतच ती खोडा घालते, असं मानतात. यकृतात वर्षानुवर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून हे लगेच कळत नाही.

नसांचा प्रश्न म्हणून डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, मग १००० मायक्रोग्रॅमची गोळी. गोळीतलं बी-१२ सुटंच असतं, आणि एवढ्या मोठ्या मात्रेतलं सुमारे एक टक्का, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, फॅक्टरशिवायही भिंतीतून झिरपतं. मेटफॉर्मिन चालूच आहे. पॅन्टोप्राझोल मात्र डॉक्टरांनी काढून घेतली. ती कशासाठी सुरू झाली होती, हे कुणालाच आठवेना.