रातांब्यांच्या हंगामाचे भांडवल: बचत, गटकर्ज की बँक?

आगळ, आमसुले आणि अमृत कोकम करणाऱ्या ग्राहकांसाठी आमच्या हिशोब कार्यालयाचे माहितीपत्रक

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि फळ, साखर, बाटल्या व मजुरी यांचा बहुतेक खर्च त्या थोड्या आठवड्यांतच होतो. माल मात्र पुढे वर्षभर खपत राहतो आणि पावसाळ्यात पर्यटक नसल्याने विक्री फारच मंदावते. म्हणून व्याजदराइतकेच, किंबहुना त्याआधी, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात येतो हे पाहावे, असे आमचे मत आहे.

समजा, एका घरगुती उद्योगाला ६०,००० रुपये लागणार आहेत. सूक्ष्मवित्त संस्थेकडून ते तारणाशिवाय आणि लवकर मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार हे कर्ज वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी असते आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. घटत्या शिलकीवर २४ टक्के दर धरल्यास दोन वर्षे दरमहा सुमारे ३,१७२ रुपये भरावे लागतील. मे महिन्यात घेतलेल्या कर्जाचा हप्ता सहसा जूनमध्येच सुरू होतो, म्हणजे बाटल्या अजून घरातच असताना. गटाची हमी असल्यास शेजारणीचा थकलेला हप्ताही आपल्यावर येऊ शकतो. हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढावेसे वाटू लागले, तर वेळापत्रक आपल्या धंद्याला जुळत नाही, हे तेव्हाच ओळखावे.

तीच रक्कम बँकेकडून १२ टक्क्यांनी मिळाली, तर हप्ता सुमारे २,८२४ रुपये होतो आणि दोन वर्षांत आठ हजारांहून अधिक व्याज वाचते. पहिला हप्ता दिवाळीपर्यंत पुढे ढकलण्याची विनंती करता येते. ती अर्जासोबतच लेखी करावी, आणि त्या काळातही व्याज चालूच राहते हे ध्यानात ठेवावे. मात्र उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षा नोंदणी, खात्याचे उतारे आणि दरपत्रके यांची जुळवाजुळव करण्यात वेळ जातो, त्यामुळे मेमध्ये पैसे हवे असतील तर जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज करावा.

बचतीला हप्ता नसतो, पण ती संपली की आजारपणाला काहीच उरत नाही. वरील कुटुंबाकडे ३५,००० रुपये साठलेले असतील, तर पावसाळ्याची बेगमी आणि मुलांची फी यांसाठी १५,००० बाजूला ठेवून उरलेले २०,०००च धंद्यात घालावेत. मग कर्ज ४०,००० रुपयांचेच लागते. मुद्रा योजनेतील शिशु गटाची मर्यादा ५०,००० असल्याने ते त्या गटात बसते, तर ६०,००० चा अर्ज किशोर गटात जाऊन अधिक कागदपत्रे लागू शकतात. वरच्याच दराने हप्ता सुमारे १,८८३ रुपयांवर येतो.