गटारीनंतरची पोटदुखी: ‘पित्त’ की स्वादुपिंडाची सूज?

आषाढ संपताना गटारीला पुण्यात अनेक घरांतून मटणाचा बेत होतो आणि काही ठिकाणी त्याच्या जोडीला मद्यही असते. अशा रात्रीनंतर पोट दुखू लागले, की बहुतेकांना पहिली आठवण ‘पित्त खवळले’ याचीच होते. बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र याच लक्षणाआड कधीकधी स्वादुपिंडाची तीव्र सूज दडलेली असते आणि तिला घरी सकाळपर्यंत थांबवून ठेवणे धोक्याचे ठरते.

समजा, कोथरूडमध्ये राहणाऱ्या, सत्तर किलो वजनाच्या एका पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना रात्री दोनच्या सुमारास छातीच्या पिंजऱ्याखाली, बेंबीच्या वर, एकाएकी दुखू लागले. अर्ध्या तासात वेदना असह्य झाली आणि थेट पाठीत जाऊ लागली. उताणे झोपले की ती वाढे, पुढे वाकून बसले की किंचित सुसह्य होई. तीन उलट्या झाल्या, तरी आराम पडला नाही. साध्या अपचनात उलटी झाल्यावर बहुधा बरे वाटते, येथे वाटत नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पित्ताची गोळी घेऊनही काही उपयोग झाला नाही.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते, म्हणूनच त्याची वेदना पाठीत जाते. ते प्रथिने आणि चरबी पचवणारे पाचकरस तयार करते, पण त्यांतले बरेचसे निष्क्रिय रूपात. आतड्यात पोहोचल्यावरच त्यांना धार येते. पित्ताशयातला एखादा लहान खडा निसटून स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा मद्यामुळे पेशींना इजा झाली, तर हे रस आतल्या आत सक्रिय होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. रक्तातील ट्रायग्लिसराइड हजारापलीकडे गेल्यासही असे घडू शकते.

खरा धोका यापुढे सुरू होतो. सुजेमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातले पाणी पोटातल्या ऊतींमध्ये झिरपू लागते. मोठ्या भाजण्यात जे होते, तेच येथे पोटाच्या आत, कुणाला न दिसता होते. वरून उलट्या चालूच असतात. रक्त घट्ट होते, नाडी धावू लागते, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. तोंडाने पाणी टिकत नसल्याने ही तूट घरी भरून काढता येत नाही. अशा अवस्थेत स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर आधीच तहानलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार पडतो.

या गृहस्थांची नाडी रुग्णालयात मिनिटाला ११८ भरली. तेथे पहिल्यांदा ईसीजी काढला गेला, कारण हृदयविकाराचा झटकाही याच जागी दुखू शकतो. अल्सर फुटला नाही ना, हे पाहण्यासाठी उभ्याने एक्स-रे झाला. स्वादुपिंडात तयार होणारे, चरबी पचवणारे लायपेज रक्तात कमाल मर्यादेच्या नऊ पट निघाले. ठरावीक प्रकारची वेदना आणि तिप्पट किंवा त्याहून अधिक लायपेज, एवढ्यावर निदान पक्के होते. सीटी स्कॅनची घाई करण्याचे कारण नसते, कारण ग्रंथीचा भाग मृत झाला असेल तर तो पहिल्या दोन-तीन दिवसांत नीट दिसतच नाही.

उपचारांचा गाभा म्हणजे मोजून दिलेले सलाईन. सुरुवातीची तूट भरण्यासाठी त्यांना सातशे मिलिलिटर रिंगर लॅक्टेट आणि त्यानंतर तासाला साधारण शंभर मिलिलिटर दिले गेले. पूर्वी याहून कितीतरी अधिक देण्याची पद्धत होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र भरमसाट सलाईनने आजार आटोक्यात येण्याऐवजी शरीरात पाणी साचण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. म्हणूनच लघवी मोजावी लागते. ती तासाला पस्तीस मिलिलिटरपेक्षा कमी झाली, धाप लागली किंवा ऑक्सिजन उतरला, तर रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवतात. दर काही तासांनी हे तपासत राहणे, हेच घरी शक्य नसते. दाखल होताना ठीक दिसणाऱ्या रुग्णाचे मूत्रपिंड किंवा फुप्फुस एक-दोन दिवसांत खचू शकते. पाचांपैकी साधारण चौघांचा आजार सौम्य राहतो, परंतु पाचवा कोण, हे पहिल्या रात्री खात्रीने सांगता येत नाही.

घरच्यांनी दोष मद्यालाच दिला होता. सोनोग्राफीत मात्र पित्ताशयात बारीक खडे दिसले. मद्यामुळे होणाऱ्या या आजारामागे सहसा एका रात्रीचे नव्हे, तर अनेक वर्षांचे भरपूर पिणे असते. त्यामुळे कधीतरीच पिणाऱ्या माणसात खडे शोधलेच पाहिजेत. तिसऱ्या दिवशी वेदना ओसरल्यावर त्यांना मऊ, कमी चरबीचे जेवण सुरू झाले आणि घरी सोडण्यापूर्वीच दुर्बिणीने पित्ताशय काढण्यात आले. आजार सौम्य असेल, तर ही शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये, कारण खडे तसेच राहिले तर पुढचा झटका काही आठवड्यांतही येऊ शकतो.