युरो-डॉलरचा डेली चार्ट (२०१४–१५)

एका युरोला किती डॉलर मिळतात, हे दाखवणारा दिवसागणिक आलेख. यातली प्रत्येक कँडल, म्हणजे एका दिवसाची चढउतार दाखवणारी उभी पट्टी, सहसा न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला, म्हणजे मुंबईत उन्हाळ्यात पहाटे अडीचला, बंद होते. दोन मध्यवर्ती बँकांची धोरणे विरुद्ध दिशांना गेली की चलनाचा कल कित्येक महिने कसा टिकतो, ते पाहायला मे २०१४ ते मार्च २०१५ या काळाइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

८ मे २०१४ रोजी भाव १.३९९ च्या वर गेला होता. त्या दुपारी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी जूनच्या बैठकीत पाऊल उचलायची तयारी असल्याचे सूचित केले. दिवसअखेर भाव १.३८५ च्या आसपास उतरला आणि भाव वर जाऊन परत खाली आल्याची खूण म्हणून वर लांब वात, म्हणजे बारीक रेघ, असलेली लाल कँडल उरली. जूनमध्ये बँकेने ठेवदर, म्हणजे व्यापारी बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशावरचा व्याजदर, उणे ०.१० टक्के केला. गंमत म्हणजे त्या दिवशी भाव १.३५ पर्यंत घसरून पुन्हा वर बंद झाला. बातमी आधीच भावात मुरलेली होती, त्यामुळे एका दिवसाच्या कँडलवरून कल ठरवणारे फसले.

खरी घसरण पुढची. सप्टेंबरमध्ये ठेवदर उणे ०.२० टक्के झाला, तर ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी थांबवली आणि बाजार तिथल्या दरवाढीची वाट पाहू लागला. जर्मनीच्या दोन वर्षांच्या रोख्यांचा परतावा शून्याखाली गेला, अमेरिकेचा वर सरकत राहिला. पैसा जास्त व्याजाकडे वळतो, पण सगळा एकाच दिवशी नाही. मोठे फंड आणि कंपन्या आपली गुंतवणूक टप्प्याटप्प्याने हलवतात, आणि बाजारही प्रत्येक बैठकीनंतर अंदाज थोडा थोडा बदलतो. म्हणून चार्टवर एकच मोठी दरी न दिसता उतरत्या पायऱ्या दिसतात. २२ जानेवारी २०१५ ला युरोपीय बँकेने महिन्याला ६० अब्ज युरोंच्या रोखेखरेदीची घोषणा केली आणि मार्चच्या मध्यास भाव १.०४६ च्या जवळ पोहोचला. दहा महिन्यांतली ही घट सुमारे २५ टक्के.

नंतर मात्र धोरणांतली तफावत वाढत असतानाही घसरण थांबली. १८ मार्चला फेडने आपल्या भावी व्याजदरांचे अंदाज खाली आणले, तेव्हा भाव काही तासांत १.१० जवळ उसळला. ३ डिसेंबरला युरोपीय बँकेने ठेवदर उणे ०.३० टक्के केला, पण बाजाराने त्याहून मोठे पाऊल गृहीत धरले होते. युरो त्या एका दिवसात जवळपास तीन टक्के वधारला. १६ डिसेंबरला फेडने अखेर दर वाढवले, तरी नवा तळ झाला नाही. त्यामुळे हा चार्ट वाचताना जाहीर दरांपेक्षा दोन वर्षांच्या रोख्यांच्या परताव्यातला फरक शेजारी ठेवणे उपयोगी ठरते: तो रुंदावायचा थांबला की भाव बहुधा एका पट्ट्यात अडकतो. युरो पुढे बराच काळ १.०५ ते १.१५ च्या दरम्यान घुटमळत राहिला.