औषध कोणत्या वाटेनं घ्यायचं? चिठ्ठीचं भाषांतर घेणाऱ्यांसाठी माहिती

डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचं नाव आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं, हे सगळेच बघतात. सबलिंग्वल, टॉपिकल, रेक्टल, इनहेल्ड असा जो बारकासा शब्द शेजारी असतो, तो मात्र नजरेतून सुटतो. औषध शरीरात कुठून जायचं ते तोच सांगतो. आम्ही त्याच्या जागी नुसता प्रतिशब्द ठेवत नाही, काय करायचं ते पूर्ण वाक्यात लिहितो.

छातीत दुखू लागल्यावर घ्यायची नायट्रोग्लिसरीनच्या सबलिंग्वल गोळीचं उदाहरण पाहा. नुसतं ‘जिभेखाली’ लिहिलं, तर घाबरलेला माणूस ती तोंडात टाकून वर पाणी पितो. गिळलेली गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथं तिचा बराचसा भाग निकामी होतो. जिभेखालच्या पातळ आवरणातून औषध थेट रक्तात उतरतं आणि १ ते ३ मिनिटांत काम करू लागतं. म्हणून आमचा मजकूर असा असतो:

‘आधी खाली बसा. १ गोळी जिभेखाली ठेवा आणि विरघळू द्या. चावू नका, गिळू नका. विरघळेपर्यंत पाणी पिऊ नका. ५ मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.’

बसायचं अशासाठी, की या गोळीनं रक्तदाब उतरतो आणि उभ्या माणसाला चक्कर येऊ शकते. चिठ्ठीत नसलेलं असं कोणतंही वाक्य आम्ही डॉक्टरांना विचारूनच घालतो.

इनहेल्ड औषधाची कॅप्सूल दिसायला पोटात घ्यायच्या कॅप्सूलसारखीच असते, त्यामुळे ती सर्रास गिळली जाते. मग पावडर फुप्फुसात पोचतच नाही आणि दम आहे तसाच राहतो. इथं आम्ही ‘गिळू नका’ हे ठळक अक्षरांत सर्वांत आधी लिहितो आणि मग यंत्रात घालून ओढण्याची पद्धत देतो. ओढून झाल्यावर यंत्र उघडून कॅप्सूल पाहा. आत पावडर उरली असेल, तर पुन्हा ओढावं लागतं.

रेक्टल औषधाच्या वडीबद्दल संकोचापोटी ‘खालून घ्या’ असं मोघम लिहिलं जातं. आम्ही ‘वेष्टन काढून गुदद्वारातून आत सरकवा, तोंडाने घेऊ नका’ असं स्पष्ट लिहितो. ही वडी उष्णतेनं मऊ पडते. तसं झालं, तर वेष्टनासकट थोडा वेळ थंड पाण्यात धरा.

टॉपिकल म्हणजे वरून लावायचं. पण कुठं, ते या शब्दात नसतं. जागा लिहिलेली नसेल, तर आम्ही अंदाज करत नाही, डॉक्टरांकडून विचारून घेतो.

भाषांतराला येताना चिठ्ठीबरोबर औषधाचं मूळ पाकीटही आणा. दोन्हींवरची वाट वेगळी दिसली, तर खुलासा होईपर्यंत आम्ही कागद हातात देत नाही.