पार्श्वभूमी: ओव्हरक्लॉक करून ‘रेकमेंडेड’ गाठता येतं का?

चिप ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायची आणि गेमने सुचवलेली ‘रेकमेंडेड’ अट गाठायची, ही आशा जुनी आहे. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर तिचा मूळपुरुष. मदरबोर्डचा बसवेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावायचा, आणि बऱ्याचशा चिपा ते निमूट सोसायच्या. गेमच्या खोक्यावरची अटही तेव्हा मेगाहर्ट्झमध्येच छापलेली असे, त्यामुळे जे कमी पडत होतं नेमकं तेच वाढवता येत होतं. २००७ मध्ये आलेला इंटेलचाच क्यू६६०० याच रीतीने २.४ वरून ३ गिगाहर्ट्झवर जाई. आजही ‘थोडं ओव्हरक्लॉक कर, चालून जाईल’ असा सल्ला मिळतो, तो त्या दिवसांतला आहे.

२०११ पासून इंटेलच्या चिपांसाठी हे दार जवळजवळ बंद झालं. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ क्लॉक गुणिले गुणक. मूळ क्लॉक सगळ्या बोर्डाशी बांधला गेला आणि गुणक फक्त ‘के’ अक्षराच्या महागड्या चिपांवर मोकळा राहिला. मग २०१५ च्या शेवटी एक गंमत झाली. नव्या पिढीत मूळ क्लॉक इतर जोडण्यांपासून सुटा झाला होता. ते हेरून काही बोर्ड उत्पादकांनी नवे बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, दिले आणि साधा आय५-६४०० सुद्धा उधळू लागला: २७ चा गुणक, क्लॉक १०० ऐवजी १५०, म्हणजे २.७ च्या जागी ४.०५ गिगाहर्ट्झ. काही आठवड्यांतच, २०१६ च्या सुरुवातीला, पुढच्या बायोसमधून ही सोय काढून घेतली गेली.

या निर्णयावर अजून वाद होतो. बंद करण्याच्या बाजूनेही मुद्दे होते. त्या बायोसवर आपोआप वेग चढवणारा टर्बो आणि प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स बंद पडे, कोरचं तापमान नीट कळत नसे, जड गणिताच्या एव्हीएक्स सूचना रखडत. तापमानच दिसत नसताना वेग वाढवणं धोक्याचंच. पण ज्याने ते बायोस टाकलं त्याला हे ठाऊक होतं, आणि ते नको असेल त्याने टाकलंच नसतं. ‘के’ चिपचा भाव सांभाळणं हेच खरं कारण असावं, असं मला वाटतं. परिणाम आजही समोर आहे. नागपूरच्या सीताबर्डीत मध्यम बजेटचा पीसी असेंबल करून घेताना इंटेलसाठीचा बी किंवा एच मालिकेचा बोर्ड आणि ‘के’ नसलेली चिप घेतली, तर गुणक वाढवायची सोयच मिळत नाही.

ग्राफिक्स कार्डात कुलूप नाही, पण उरलेली ताकद कारखान्यानेच वापरून टाकली आहे. २०१२ पासून कार्डं तापमान आणि वीज पाहून स्वतःच वेग चढवतात. हाताला लागतो तो तळाशी उरलेला गाळ.

किती, ते पाहू. सायबरपंक २०७७ या गेमची अटींची यादी २०२३ मध्ये कडक झाली आणि रेकमेंडेड कार्ड आलं आरटीएक्स २०६० सुपर. आपल्याकडे जीटीएक्स १६६० सुपर आहे असं धरू. त्यात १४०८ कोर, समोर २१७६. मेमरीची वाहतूक सेकंदाला ३३६ गिगाबाइट, समोर ४४८. खेळताना कार्ड १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर १०० वाढवून पाच टक्के मिळतात, मेमरी आठेक टक्के चढते. गेममध्ये ४५ फ्रेमच्या ४८ होतात, ६० साठी मात्र एक तृतीयांश वाढ लागते. शिवाय कार्डावर ६ जीबी मेमरी आहे आणि समोर ८. ती तर कोणत्याच स्लायडरने वाढत नाही.

त्यात नागपूरचा उन्हाळा. तापमान वाढलं की ही कार्डं पायरीपायरीने वेग उतरवतात. जानेवारीत जमलेली सेटिंग मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, ड्रायव्हर पाडते किंवा पडद्यावर रंगीत ठिपके आणते. म्हणून वाढवलेला वेग दुपारी तपासावा, रात्री नाही. मेमरीचं लक्षण याहून लबाड: काहीच कोसळत नाही, पण वेग वाढवूनही फ्रेम घटतात, कारण चुकलेला डेटा पुन्हा पाठवावा लागतो. तसं दिसलं की दोन पायऱ्या मागे यावं.

प्रोसेसर मागे पडत असेल, म्हणजे खेळताना कार्डाचा वापर ९० टक्क्यांच्या बराच खाली राहत असेल, तर आधी रॅमकडे बघावं. डीडीआर४-३२०० ची कांडी बायोसमधलं प्रोफाइल चालू न केल्यामुळे २१३३ वर रेंगाळत असलेली अनेक पीसींत सापडते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर तो वेग लिहिलेला असतो, आणि ‘के’ नसलेल्या चिपवरही २०२१ च्या बी५६० पासूनचे बी मालिकेचे बोर्ड तो बदलू देतात.