सबटायटल दिसत नाहीत? आधी अक्षरामागची काळी पट्टी बघा

आईला मल्याळम सिनेमे फार आवडतात, भाषा येत नाही म्हणून सगळा भरवसा खालच्या सबटायटलवर. वय ७२, एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात, ४३ इंची टीव्ही आणि सोफा साधारण ३ मीटरवर. ती सारखी म्हणायची, "अगं मधेच अक्षरं गायबच होतात." मी साइज वाढवला, तर ओळी दोनाच्या तीन झाल्या, हिरोची हनुवटी झाकली गेली आणि तक्रार तशीच राहिली. मग एकदा तिच्या शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं, पडद्यावर पांढरं मुंडू नेसलेली माणसं आली की पांढरी अक्षरं त्या पांढऱ्यात विरघळून जातात. म्हणजे अडचण साइजची कमी आणि कॉन्ट्रास्टची जास्त होती.

वय वाढलं की डोळ्यातली बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळसर, थोडं गढूळ होतं. त्यामुळे आत प्रकाश कमी पोचतो आणि जो पोचतो तो विखुरतो, जवळजवळच्या दोन छटा वेगळ्या दिसणं अवघड होतं. आपल्याला चालून जाणारी बारीक काळी आउटलाइन म्हणूनच त्यांना पुरत नाही, अक्षरामागे पट्टी लागते.

ती पट्टी किती गडद हवी याचा हिशोब करता येतो. पांढरं अक्षर आणि पूर्ण काळी पट्टी यांचा कॉन्ट्रास्ट २१ ला १, हा सगळ्यात जास्त. पण मागे पांढरा सीन असेल आणि पट्टी ५० टक्केच गडद असेल तर तो जेमतेम ४ ला १ वर येतो. वेबसाइटवरच्या साध्या मजकुरासाठी किमान ४.५ मागतात आणि चांगल्या वाचनासाठी ७, म्हणजे अर्धी पारदर्शक पट्टी नापास. तीच ७५ टक्के केली की १० च्या पुढे जातो, आणि मागचं चित्रही थोडं दिसत राहतं. आमच्याकडे ७५ वरच थांबलो.

रंगाचं सोपं आहे. काळ्यावर पिवळा जवळपास पांढऱ्याइतकाच उठून दिसतो, साडेएकोणीसला १, आणि अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या अक्षरांभोवती चमक पसरत असेल तर फिकट पिवळा किंवा करडट पांढरा लावून बघा, आईला फिकट पिवळाच बरा वाटला. निळा मात्र नकोच, काळ्यावर तो अडीचला १ सुद्धा भरत नाही, वर पिवळसर झालेलं भिंग नेमका निळाच प्रकाश अडवतं.

आता साइज. ४३ इंची पडदा साधारण ५३ सेंटीमीटर उंच, वेब व्हिडिओत नेहमीचा फॉन्ट उंचीच्या ५ टक्के धरतात, म्हणजे पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास, पण त्यातलं इंग्रजी छोटं अक्षर प्रत्यक्षात सव्वा-दीड सेंटीमीटरच भरतं. चष्मा लावून ६/१२ दिसणाऱ्या, म्हणजे चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणाऱ्या माणसाला ३ मीटरवरून जेमतेम ओळखू येणारं अक्षर ९ मिलिमीटरचं असतं, आणि आरामात वाचायला त्याच्या निदान दुप्पट तरी हवं. म्हणून साइज १५० टक्के ठेवा. सबटायटल मराठी असतील तर काना-मात्रा, जोडाक्षरं दाटीनं येतात, अजून एक पायरी वर जा.

अँड्रॉइड टीव्हीवर Settings मध्ये Accessibility, त्यात Captions, तिथे स्टाइल Custom निवडली की Background opacity, म्हणजे पट्टीचा गडदपणा, मिळतो. यूट्यूबसारख्या काही अ‍ॅपची कॅप्शनची सेटिंग वेगळी असते, त्यामुळे टीव्हीत बदल करून अ‍ॅपमध्ये काहीच हललं नाही तर अ‍ॅपमध्ये शोधा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी असेल तर Preferences मध्ये Subtitles / OSD, तिथे Add a background वर टिक. गडदपणा मात्र All वाल्या सविस्तर सेटिंगमध्ये Text renderer खाली आहे आणि तो ० ते २५५ मध्ये मोजतात, ७५ टक्क्यांसाठी १९१ टाका. Save करून प्लेयर बंद करून परत उघडा, मग एखादा पांढराशुभ्र सीन पॉज करून ज्यांच्यासाठी करताय त्यांनाच वाचायला सांगा, स्वतः वाचून ठरवू नका.

वाचताना ती व्यक्ती हनुवटी खाली घेत असेल तर सेटिंगला हात लावायच्या आधी चष्मा बघा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग जवळच्या वाचनाचा असतो, सोफ्यावर रेलून बसलं आणि टीव्ही खाली असला की नजर नेमकी तिथून जाते आणि अक्षर कितीही मोठं केलं तरी पुसटच दिसतं. पाठीमागे उशी देऊन आईला सरळ बसवलं तेव्हा खूप फरक पडला.

आणि रंग बदलूनही अक्षरं तशीच राहिली तर ते सबटायटल बहुतेक चित्राच्या रूपात आहेत, डीव्हीडीचे तसेच असतात, किंवा व्हिडिओतच छापलेले आहेत, तिथे फॉन्टची कुठलीच सेटिंग चालत नाही. अशा वेळी खुर्ची ३ मीटरवरून २ वर आणायची, तेवढ्यानं डोळ्याला अक्षर दीडपट मोठं दिसतं.